उद्याच्या माणसांवर वटाव?

मुदतीची हुंडी हाती असलेल्या व्यापाऱ्याला मुदतीपूर्वी पैसा हवा झाला म्हणजे तो सराफाच्या पेढीवर जातो. सराफ हुंडीच्या रकमेतून काही कापून घेतो आणि उरलेली रोकड त्याच्या हातावर ठेवतो. या कापून घेण्याला वटाव म्हणतात. या व्यवहारात अन्याय नाही. कारण हुंडीचा धनी स्वतः समोर उभा असतो आणि दर पटला नाही तर तो दुसऱ्या पेढीची पायरी चढू शकतो. परंतु हाच वटाव जेव्हा अद्याप जन्मासही न आलेल्या माणसांच्या हानीवर कापला जातो, तेव्हा त्यांच्या वतीने पेढीवर कोण उभे असते? हवामानबदलावर किती खर्च करावा याचे जे हिशेब जगातील सरकारे मांडतात, त्यांच्या पोटात हा प्रश्न दडलेला आहे. तो अर्थशास्त्रज्ञांवर सोपवून नागरिकांनी स्वस्थ बसावे, असे आम्हांस वाटत नाही.

कोळसा जाळून आज हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा अंश शतकानुशतके तेथेच राहतो. म्हणजे वीज आज आपण वापरणार आणि तिची किंमत पणतू मोजणार! आता एक उदाहरण घेऊ. कोकणातील खाडीकाठच्या एखाद्या गावाचे, समुद्र चढल्यामुळे, १०० वर्षांनी आजच्या भावाने १ कोटी रुपयांचे नुकसान होणार आहे असे समजू. ते टाळण्यासाठी आज किती खर्च करणे परवडेल? दरसाल १.४ टक्के वटाव धरला तर उत्तर येते सुमारे २५ लाख रुपये. साडेपाच टक्के धरला तर सुमारे ४७ हजार. आणि सात टक्के धरला तर अवघे साडेअकरा हजार! गाव तेच, समुद्र तोच, बुडणारी घरेही तीच; चक्रवाढीच्या चरकातून काढताना फक्त दर बदलला, आणि बांध घालण्याची गोष्ट डागडुजीवर येऊन ठेपली.

हे आकडे आम्ही हवेतून काढलेले नाहीत. २००६ साली ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी जो अहवाल तयार केला, त्यातील दर सुमारे १.४ टक्के होता. आणि जगाने आपल्या उत्पन्नाचा सुमारे शेकडा एक भाग दरवर्षी या कामी ताबडतोब खर्च करावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अमेरिकेतील विल्यम नॉर्डहाउस, ज्यांना पुढे २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, यांनी साडेपाच टक्क्यांच्या आसपासचा दर योग्य मानला आणि प्रारंभी सावकाश पावले टाकण्याचा सल्ला दिला. नॉर्डहाउस यांनी आपल्याच गणिती प्रतिमानात स्टर्न यांची गृहीते घालून पाहिली, तेव्हा उत्तरही बरेचसे स्टर्न यांच्यासारखे आले. दोघांमधले अंतर मुख्यतः हवामानशास्त्राचे नव्हते; ते वटावाचे होते.

या वटावाच्या मागे दोन निरनिराळी कारणे असतात आणि ती एकत्र कालवली जातात, हीच खरी गोम आहे. पहिले कारण केवळ काळाचे: एखादे दुःख उशिरा होणार, एवढ्याचसाठी ते हलके मानावयाचे. केंब्रिजचे तरुण गणिती तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्से यांनी १९२८ सालीच या प्रवृत्तीला नीतीच्या दृष्टीने असमर्थनीय ठरवले होते आणि तिचे मूळ आपल्या कल्पनाशक्तीच्या दुबळेपणात आहे असे म्हटले होते. आमच्या मते त्यावर आजतागायत समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. शंभर कोसांवरच्या माणसाची भूक अंतरामुळे कमी होत नाही, तर शंभर वर्षांपलीकडच्या माणसाची का व्हावी? स्टर्न यांनी या कारणासाठी दरसाल फक्त ०.१ टक्का धरला, आणि तोही मानवजातच नष्ट होण्याची शक्यता लक्षात घेऊन.

दुसरे कारण मात्र झिडकारता येण्याजोगे नाही. पुढील पिढ्या आपल्याहून संपन्न असतील, आणि श्रीमंताच्या एका रुपयापेक्षा गरिबाचा रुपया मोलाचा असतो. मग आजच्या गरिबाने उद्याच्या श्रीमंतासाठी पोटाला चिमटा का घ्यावा? ज्या देशात आजही कोट्यवधी लोक हातावर पोट घेऊन जगतात, त्या देशाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तथापि संपन्नतेची ही भविष्यवाणी सरासरीची असते. ज्याची घागर आजही टँकरची वाट पाहते, त्या मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा पणतू त्या सरासरीत कोठे बसेल? ज्या उष्म्याने पिके करपतील तोच उष्मा संपन्नतेची वाढही खुंटवील. वाढ खुंटली की वटाव कापण्याचे कारणही त्या प्रमाणात उरत नाही. शिवाय आज कोणी सोसावयाचे हा प्रश्न वेगळा आहे. उद्याच्या हानीचे मोल पुरते धरावे, याचा अर्थ ते गरिबाच्या चुलीतून वसूल करावे असा होत नाही. ज्या राष्ट्रांनी दोन शतके कोळसा जाळून वैभव कमावले, त्यांचे देणे प्रथम आहे.

बाजारदराचे पुरस्कर्ते आणखी एक युक्तिवाद करतात. बांधावर पैसा घालण्याऐवजी तोच पैसा साडेपाच टक्क्यांनी गुंतवा, आणि शंभर वर्षांनी त्या गावाला भरपाई द्या! कागदावर हे बिनतोड आहे. पण ते ४७ हजार रुपये गावाच्या नावे कोणी, कोठे जमा केले? पुढली शंभर वर्षे त्या व्याजाला कोणत्याही सरकारने हात लावू नये, अशी तजवीज कोणी केली? भरपाईचे खाते उघडल्यावाचून भरपाईचा दर तेवढा लावून मोकळे होणे, याला हिशेब म्हणत नाहीत.

आणि हा दर राजकारणाच्या वाऱ्यासरशी कसा फिरतो तेही पाहावे. अमेरिकेत प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडने होणाऱ्या हानीचा अधिकृत आकडा ठरविण्यासाठी २०१० साली तीन टक्के हा मुख्य दर धरला गेला. २०१७ नंतर त्याच्या जोडीला सात टक्क्यांचा दर आला, परदेशांतील हानी मोजणे बंद झाले, आणि सुमारे ५० डॉलरचा आकडा एक ते सात डॉलरवर घसरला. २०२३ साली तेथील पर्यावरण खात्याने दोन टक्के दर धरला आणि तोच आकडा १९० डॉलरवर गेला. २०२५ साली पुन्हा सत्तांतर झाले आणि हा आकडा ठरविणारा गटच बरखास्त झाला.

याउलट ब्रिटनच्या अर्थखात्याने २००३ सालापासून ठरवून दिलेली पद्धत आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. तेथे पहिल्या ३० वर्षांसाठी साडेतीन टक्के, पुढे ७५ वर्षांपर्यंत तीन, १२५ वर्षांपर्यंत अडीच, असा दर उतरत जातो आणि ३०० वर्षांपलीकडे एक टक्क्यावर येतो. दूरच्या काळाविषयी आपले ज्ञान जसजसे अपुरे पडते, तसतसा वटावही आखडता घ्यावा, हे त्यामागील तत्त्व. हा दरही दोषमुक्त नाही, पण तो छापील आहे आणि कोणालाही पडताळून पाहता येतो.

आपल्याकडे समुद्रकाठचे बंधारे, औष्णिक वीजकेंद्रे, खाड्यांवरील भराव यांचे प्रकल्प-अहवाल तयार होतात, लाभ-खर्चाचे कोष्टक त्यांना जोडले जाते, आणि विधिमंडळात त्यांतील कोटींच्या आकड्यांवर खडाजंगी होते. यापुढे प्रत्येक अहवालाच्या पहिल्याच पानावर तीन गोष्टी छापाव्यात, अशी आमची राज्य सरकारकडे मागणी आहे: कोणता दर धरला, तो किती वर्षांसाठी धरला, आणि दर निम्मा केला असता निर्णय बदलला असता काय. यासाठी नवा आयोग नको की नवे खाते नको. कारकुनाने गणित आणखी एकदा करावयाचे, एवढेच.