अनेकांत म्हणजे ‘सगळेच खरे’ नव्हे

धर्माधर्मांतल्या परस्परविरोधी दाव्यांवर तत्त्वज्ञानाचा निबंध लिहिताना अनेकांतवादाचा आधार घेतला, की बहुतेक वेळा हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट येते आणि ‘सर्व धर्म सारखेच खरे’ असा निष्कर्ष निघतो. जैन आचार्यांना हा निष्कर्ष मान्य झाला नसता. तेराव्या शतकात मल्लिषेणाने ‘स्याद्वादमंजरी’त जगाचा कर्ता ईश्वर आहे हे मत सविस्तर खोडून काढले, आणि ते अनेकांताच्याच भूमिकेवरून. या सिद्धांताचा निबंधात खरा उपयोग आहे तो दावे तपासण्यासाठी.

ही तपासणी कशी चालते, ते आत्म्याच्या वादात स्पष्ट दिसते. वेदान्ती म्हणतो आत्मा नित्य आहे. बौद्ध म्हणतो सारे क्षणिक आहे. जैन विचारतो, कोणत्या दृष्टीने? समंतभद्राने ‘आप्तमीमांसे’त सोन्याचा घट मोडून मुकुट घडवल्याचे उदाहरण घेतले आहे. घट हवा होता तो दुःखी होतो, मुकुट हवा होता तो सुखावतो, आणि ज्याला सोनेच हवे होते त्याला काहीच वाटत नाही. घटना एकच, पण द्रव्य टिकले, पर्याय बदलला. आत्म्याचेही तसेच. द्रव्यदृष्टीने नित्यता खरी, पर्यायदृष्टीने अनित्यता खरी. अशी एक बाजू मांडणारी दृष्टी म्हणजे नय, आणि दुसरी बाजू नाकारणारी तीच दृष्टी म्हणजे दुर्नय. म्हणजे दोन्ही पक्षांना काही मिळते, पण ‘केवळ’ हा शब्द दोघांनाही सोडावा लागतो. ही सरसकट मान्यता नव्हे, दुरुस्ती आहे.

एकच वस्तू नित्य आणि अनित्य असणे असंभव आहे, हा शंकराचार्यांचा ब्रह्मसूत्रभाष्यातला आक्षेप. विरोधी धर्म एकाच दृष्टीने मानले असते तर तो निर्णायक ठरला असता. ‘स्यात्’ हा शब्द नेमकी दृष्टी वेगळी करतो. मात्र या उत्तरानेच सिद्धांताची मर्यादाही ठरते. येशूला क्रुसावर मृत्यू आला असे शुभवर्तमाने सांगतात. कुराणाच्या चौथ्या सूरेतील १५७ वी आयत त्याला क्रुसावर चढवल्याचे नाकारते, आणि मुस्लिम परंपरेने तिचा अर्थ बहुतांशी तसाच घेतला आहे. इथे व्यक्ती एक, घटना एक आणि प्रश्नाची दृष्टीही एकच. द्रव्य-पर्यायाची फोड इथे लागू पडत नाही, आणि ती ओढूनताणून लावली तर दोन्ही धर्मांच्या श्रद्धावंतांचे म्हणणे आपण ऐकलेच नाही असे होते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: अनेकांत हाही एकांतच नाही का? समंतभद्राचे उत्तर असे की प्रमाणाने पाहता तो अनेकांत आणि विवक्षित नयाने पाहता एकांत. म्हणजे नियम स्वतःलाही लागू आहे. पण जैन परंपरेत या सगळ्यामागे केवलज्ञानी जिनाच्या सर्वज्ञतेवरचा विश्वास उभा आहे. तो न मानता केवळ पद्धत उचलणाऱ्याने तसे उघड लिहावे. आणि ‘एका दृष्टीने खरे’ असे लिहिण्याआधी ती दृष्टी एका वाक्यात सांगावी; सांगता येत नसेल, तर विरोध खरा आहे असेच नोंदवावे.