राऊटर नाही? हरकत नाही!

दोस्तांनो, समजा विज्ञान प्रदर्शन परवावर आलंय. तुमच्या फोनमध्ये गांडूळखताची झकास चित्रफीत आहे, शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरही आहे. पण तिथे ना राऊटर, ना इंटरनेट. मग चित्रफीत भिंतीवर दिसणार कशी?

दिसेल! राऊटर म्हणजे पोस्टमन. फोनचा निरोप तो दुसऱ्या यंत्राला नेऊन देतो. पण दोघं एकाच खोलीत असतील, तर पोस्टमन हवाच कशाला? 2012 साली आलेल्या ‘मिराकास्ट’ पद्धतीत फोन आणि पडदा आपापसात थेट वाय-फाय जोडतात. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: इंटरनेट नसलं तरी फोनचं वाय-फाय चालूच हवं!

आता कृती. प्रोजेक्टरमध्ये मिराकास्ट नसेल, तर मिराकास्टचा डोंगल एचडीएमआय खाचेत लावा. त्याची यूएसबी वायर चार्जरला जोडा, कारण या खाचेतून त्याला पुरेशी वीज मिळत नाही. प्रोजेक्टरवर HDMI निवडलंत, की भिंतीवर डोंगलचं नाव उमटेल. मग सॅमसंगच्या फोनवर Smart View उघडा. इतर काही फोनांवर त्यालाच Cast किंवा Wireless display म्हणतात. यादीत तेच नाव दिसलं की त्यावर बोट ठेवा. झालं!

नाव दिसत नाही? मग तीन गोष्टी तपासा. व्हिडिओच्या ॲपमधलं कास्टचं बटण तर दाबलं नाहीत ना? ते वेगळं, त्याला बहुधा राऊटर लागतो. डोंगलवर बटण असेल तर तो आयफोनच्या पद्धतीवर गेला असेल. ते दाबून मिराकास्टवर आणा. आणि फोनमध्ये ही सोय आहे ना? आयफोनमध्ये मिराकास्ट नसतं, गूगलच्या पिक्सेल फोनांतही नसतं.

चित्र आलं, पण आवाज गेला? घाबरू नका. चित्राबरोबर आवाजही प्रोजेक्टरकडे जातो आणि फोन मुका होतो. प्रोजेक्टरला स्पीकर नसेल, तर त्याच्या आवाजाच्या खाचेत बाहेरचा स्पीकर जोडा. शिवाय फोनवर आलेला प्रत्येक निरोप सगळ्या हॉलला दिसतो बरं का! तेव्हा आधीच Do Not Disturb लावून ठेवा.

आता एक गंमत करून पाहा. फोनवर स्टॉपवॉच सुरू करा आणि दुसऱ्या फोनने पहिला फोन व भिंत यांचा एकत्र फोटो काढा. समजा फोनवर 12.48 आणि भिंतीवर 12.27 सेकंद दिसले. म्हणजे भिंत 0.21 सेकंद मागे आहे! फोन प्रत्येक चित्र आवळून पाठवतो, डोंगल ते पुन्हा उलगडतो. त्यात हा वेळ जातो. चित्रफितीत तो जाणवत नाही. पण भिंतीकडे बघून क्रिकेटचा गेम खेळलात, तर बॅट फिरायच्या आत दांडी गुल!