पहारा ठेवीदाराने का द्यायचा?

ठेवींना विमा असला की बँका बेफिकीर होतात, तेव्हा ठेवीदारांनीच डोळे उघडे ठेवावेत, या उपदेशाची मला चीड येते.

पीएमसी बँक आठवा. 23 सप्टेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीला खात्यातून काढता येत होते फक्त 1,000 रुपये. बँकेचं सुमारे 70 टक्के कर्ज एकट्या एचडीआयएल समूहाकडे होतं. आमच्या वसई-विरारमध्ये इमारती बांधणारा हाच बिल्डर. ते लपवायला हजारो बनावट खाती होती. ऑडिटमध्ये जे दिसलं नाही, ते रांगेतल्या आजींना कसं दिसणार?

विमा हवाच. पैसे परत मिळण्याची खात्री असली की अफवा ऐकून कोणी धावत नाही आणि धडधाकट बँक उगाच बुडत नाही. 2020 मध्ये मर्यादा 1 लाखावरून 5 लाख झाली, हे योग्यच. पण निर्धास्त ठेवीदारांचा पैसा बेफाम कर्ज वाटणाऱ्या बँकेलाही स्वस्तात मिळतो, हेही खरं.

मग दाम बँकेकडून घ्या. 2019 मध्ये विम्याचा हप्ता 100 रुपयांमागे 10 पैसे होता. जपून कर्ज देणाऱ्या बँकेला तोच, सगळं एकाच बिल्डरला देणाऱ्या बँकेलाही तोच. धोका जास्त तिथे हप्ता जास्त हवा, आणि धोका मोजायचा तर कर्जखाती उघडून तपासायला हवीत. ते काम नियामकाचं आहे, आजींचं नाही.