सुई आधी, कागद नंतर

ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातून उमऱ्याला जाणारे आता वर्षभर निघत असतात. बरेचजण सत्तरीच्या आसपासचे असतात, आणि तिकीट, व्हिसा, हॉटेल सगळे मुले आणि टूरवाले ठरवतात. या तयारीत एक वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकतो: "लसीचा कागद आम्हीच देतो, अब्बांना दवाखान्यात न्यायची गरज नाही." आजचे संपादकीय या वाक्याविषयी आहे.

हज कमिटीमार्फत हजला जाणाऱ्यांसाठी सरकारी लसीकरण शिबिरे भरतात. तिथे सुई टोचली जाते आणि नोंदही होते. खासगी टूरने उमऱ्याला जाणाऱ्याच्या वाट्याला असे शिबिर येत नाही. लस स्वतः शोधावी लागते, पैसे मोजावे लागतात, आणि व्हिसा मिळताना नेहमी कोणी कागद तपासतोच असे नाही. याचे परिणाम 2024 च्या एप्रिल-मे महिन्यांत दिसले. उमऱ्याहून परतलेल्यांत आणि त्यांच्या घरच्यांत ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेत मेनिंगोकॉकल आजाराचे रुग्ण सापडले. त्यांतल्या बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती.

हा जंतू घशात राहतो आणि खोकल्यातून, जवळच्या सहवासातून पसरतो. तो रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरला तर उपचार मिळूनही दहातला साधारण एक रुग्ण दगावतो. 1987 च्या हजमध्ये त्याच्या 'ए' गटाची साथ आली, म्हणून लस सक्तीची झाली. पण ती 'ए' आणि 'सी' या दोनच गटांवर चालायची. 2000 साली 'डब्ल्यू' गट पसरला आणि हाजी व त्यांचे कुटुंबीय मिळून जगभर 400 हून अधिक लोक आजारी पडले. तेव्हापासून ए, सी, डब्ल्यू आणि वाय अशा चारही गटांची लस मागितली जाते. ज्यांनी प्रवासच केला नव्हता असे घरचे लोकही त्यात होते, हे नातवंडांच्या घरात परतणाऱ्या आजी-आजोबांसाठी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता हिशेब कसा करायचा ते पाहू. समजा, 72 वर्षांचे अब्बा आणि 67 वर्षांच्या अम्मी 25 नोव्हेंबर 2026 ला जेद्दाहला उतरणार आहेत. अब्बा 2023 ला हजला गेले होते आणि त्या मे महिन्यात त्यांनी लस घेतली होती. "त्यांची झालीये" असे घरात सगळे म्हणतात. जुने कार्ड काढून बघा. त्यावर 'कॉन्जुगेट' लिहिले असेल तर ती 5 वर्षे, म्हणजे मे 2028 पर्यंत चालते. 'पॉलिसॅकराइड' असेल तर 3 वर्षेच, म्हणजे मे 2026 मध्ये मुदत संपली. प्रकारच लिहिलेला नसेल तर ती 3 वर्षांचीच धरली जाते. तेव्हा अब्बांना पुन्हा घ्यावी लागेल.

अम्मींची पहिलीच वेळ आहे. लस पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी हवी, म्हणजे उशिरात उशिरा 15 नोव्हेंबर. शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला तेवढा वेळ लागतो, त्यामुळे विमानतळावर जाता जाता घेतलेल्या सुईचा उपयोग नाही. मी म्हणेन, ऑक्टोबरच्या शेवटीच उरका. ही लस प्रत्येक दवाखान्यात ठेवलेली नसते, आधी फोन करून मागवावी लागते. त्याच फेरीत दोघांची फ्लूची लस आणि डॉक्टरांशी न्यूमोकॉकल लसीची चर्चा होऊन जाते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, प्लीहा काढलेली असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे औषध असेल तर ते आधी सांगा. कार्डावर पासपोर्टप्रमाणे नाव, तारीख, लसीचे नाव, प्रकार आणि बॅच क्रमांक लिहून घ्या, आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

लस या चार गटांपुरतीच आहे. ती उन्हापासून वाचवत नाही. 2024 च्या हजमध्ये मक्केचा पारा 50 अंशांच्या वर गेला आणि 1,300 हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे, इन्सुलिनसह, हातातल्या पिशवीत असू द्या आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. पाणी कमी पडले की लघवी वाढवणारी गोळी त्रास देते, म्हणून तिचा डोस निघण्यापूर्वी विचारून घ्या.

परतल्यावर 10 दिवस लक्ष ठेवा. ताप, जोराचे डोके दुखणे, मान आखडणे, किंवा काचेचा पेला दाबूनही न मावळणारे लालसर डाग दिसले तर वाट न पाहता रुग्णालयात न्या. वृद्धांत कधी कधी फक्त गोंधळल्यासारखे बोलणे हेच लक्षण असते. "उमऱ्याहून आलेत" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

उरला तो कागद. सुई न टोचता लिहिलेला कागद म्हणजे खोटी साक्ष, आणि एहराम बांधण्याआधी ती कोणी का द्यावी? कल्याण-डोंबिवली महापालिकेने आपल्या रुग्णालयात महिन्यातून एक दिवस उमरा यात्रेकरूंच्या लसीसाठी ठेवावा, आणि आपल्या मशिदींनी त्या तारखेची सूचना जुम्याला वाचून दाखवावी. तोवर टूरवाल्याला एकच प्रश्न विचारा: सुई कोणत्या दवाखान्यात आणि कोणत्या तारखेला?