भिंत तुमची, फायदा शेजाऱ्याचा!

संध्याकाळी फटफट आवाज करत धुराचं मशीन सोसायटीत शिरलं की भाईंदर काय किंवा मिरा रोड काय, आपण सगळे एकच गोष्ट करतो. खिडक्या धाडकन बंद! त्यामुळे ‘फवारणी’ म्हटलं की आपल्याला तो धूरच आठवतो. पण ती धुरळणी. ती हवेत उडणारे डास मारते आणि तासाभरात विरून जाते. मलेरियाविरुद्ध घराच्या भिंतींवर केली जाणारी फवारणी हे वेगळंच प्रकरण आहे आणि ती नाकारणाऱ्यांची कारणंही वेगळी आहेत.

आधी डासाची सवय बघा. मलेरिया पसरवणारी ॲनोफिलीस मादी रक्त प्यायली की जड होते आणि अनेकदा जवळच्याच भिंतीवर टेकते. त्या भिंतीवर आधीच औषधाचा पातळ थर असेल तर ती मरते. म्हणजे ती चावते आधी आणि मरते नंतर! मग उपयोग काय? उपयोग असा, की मलेरियाच्या जंतूला तिच्या शरीरात तयार व्हायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. तोवर ती दर दोन-तीन दिवसांनी रक्त पिते, म्हणजे निदान चार वेळा कुठल्या ना कुठल्या भिंतीवर बसते. त्यातली एक भिंत फवारलेली निघाली, की ती दुसऱ्याला मलेरिया द्यायला उरत नाही.

आता सोपं गणित करू. धरून चाला की फवारलेल्या भिंतीवर बसलेला डास मरतोच. गावातल्या निम्म्याच खोल्या फवारल्या, तर चारही वेळा कोऱ्या भिंतीवर बसून वाचणारे डास सोळात एक. 85 टक्के खोल्या फवारल्या, तर दोन हजारांत एक! प्रत्यक्षात गणित इतकं स्वच्छ नसतं, पण किमान 80-85 टक्के खोल्यांचा आग्रह का धरतात, हे यातून कळतं. आणि मोजायच्या त्या खोल्या, घरं नव्हेत. ओसरी फवारली आणि झोपायची खोली बंद ठेवली, तर डास नेमका बसतो तीच भिंत सुटते.

काम कसं होतं? भांडी, धान्य, पाणी बाहेर काढायचं किंवा झाकायचं. सामान भिंतीपासून ओढायचं. डेल्टामेथ्रिनची 2.5 टक्क्यांची पावडर असेल तर 400 ग्रॅम दहा लिटर पाण्यात कालवतात. एक जण बादलीतला पंप मारतो, दुसरा भिंतीपासून सुमारे 45 सेंटिमीटरवर नळी धरून उभे पट्टे ओढतो. एक पट्टा दुसऱ्यावर थोडा चढलाच पाहिजे. दहा लिटरमध्ये 500 चौरस मीटर भिंत होते. घरात छतासकट 100 चौरस मीटर जागा असेल, तर एका बादलीत पाच घरं. त्याच बादलीत आठ घरं उरकली असतील, तर समजा औषध पातळ बसलंय किंवा भिंती सुटल्यात. नीट बसलेला थर साधारण दहा आठवडे काम करतो.

गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या जिल्ह्यात हीच फवारणी चालते आणि लोक नाही म्हणतात ते अडाणीपणामुळे नव्हे. पावसाळ्यात अख्खं घर बाहेर कुठे काढायचं? देवघरात परक्या माणसाने बूट घालून यायचं? सणाला सारवलेल्या भिंतीवर डाग का पाडून घ्यायचे? बरं, फवारून घेतलं तरी सण आला की पुन्हा सारवण होतं आणि औषध मातीखाली गाडलं जातं. सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे, ‘फवारलं तरी डास आहेतच की!’ ती खरीही असते. रात्री कानाशी गुणगुणणारे बहुतेक क्युलेक्स डास असतात. ते मलेरिया पसरवत नाहीत आणि या औषधांना अनेक ठिकाणी दादही देत नाहीत. ‘डास जातील’ असं सांगून फवारलं, की पुढच्या फेरीला दार बंद होणारच. तारीख आधी कळवणं, सणानंतर येणं आणि ‘डास राहतील, मलेरिया कमी होईल’ असं खरं सांगणं, याने जास्त दारं उघडतात.

मग आपल्या मिरा-भाईंदरमध्ये भिंती का नाही फवारत? कारण शहरातली ॲनोफिलीस स्टीफेन्सी वाढते गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामावर साचलेल्या पाण्यात. लाखो खोल्या फवारण्यापेक्षा तिच्या अळ्या मारणं सोपं. म्हणून 1971 पासूनच्या शहरी मलेरिया योजनेचा भर अळ्यांवर आहे. पण तिथेही गणित तेच. टाकी तपासायला आलेल्या माणसाला ‘गच्चीची चावी नाही’ सांगणारी सोसायटी म्हणजे ती न फवारलेली खोली. तुमच्या गच्चीची चावी कुणाकडे आहे, ठाऊक आहे?