पोकलेन उभं, मीटर बंद, भाडं मात्र चालू!

परवा पारोळा तालुक्यातल्या पाच शेतकऱ्यांनी माझ्यापुढे पोकलेनचं बिल टाकलं. म्हणाले, "भाऊ, यात चूक कुठे ते सांगा." बिल दोनदा वाचलं. बेरजेत चूक नव्हती. चूक मशीन बोलावतानाच झाली होती.

शिरपूर पॅटर्ननंतर खान्देशात नाला खोलीकरण नवं राहिलं नाही. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली, तिथे हिशेब घनमीटरवर होतो. किती गाळ निघाला, तेवढे पैसे. पण शेतकरी वर्गणी काढून मशीन आणतात तेव्हा हिशेब दिवसावर असतो. आणि 'दिवस' म्हणजे काय, हे कुणी लिहून घेत नाही.

या पाच जणांचं फोनवर ठरलं होतं : रोजचे ९,००० रुपये, डिझेल तुमचं. मालक धुळ्याचा, ओळखीचा. "आपलाच माणूस शे, कागद कसाले?"

मशीनने पहिले तीन दिवस पूर्ण काम केलं. चौथ्या दिवशी दुपारी हायड्रॉलिक पाइप फुटला. पाचवा दिवस पाइपची वाट बघण्यात गेला. सहाव्या दिवशी अवकाळी पाऊस, काळ्या मातीत चेन रुतायला लागली, काम बंद. सातव्या दिवशी काम संपलं. बिल आलं सात दिवसांचं, ६३,००० रुपये. वर ट्रेलरचे जाऊन-येऊन १२,००० आणि ऑपरेटर-हेल्परचा भत्ता ३,५००. एकूण ७८,५००, डिझेल वेगळंच.

नशिबाने एका पोराने मोबाइलवर मीटरचा फोटो काढला होता. येताना ४,३१२ तास, जाताना ४,३४८. म्हणजे ३६ तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेचार दिवस, ४०,५०० रुपये. राहिलेले अडीच दिवस कुणाचे? दीड दिवस मशीन बिघडलेलं होतं, तो मालकाचा तोटा. एक दिवस पावसाचा, त्यात दोष कुणाचाच नाही, तो निम्मा-निम्मा वाटायचा. असे ४५,००० होतात. १८,००० रुपये जास्त गेले.

मालकाचीही बाजू आहे. ट्रॅक्टर वेळेवर आले नाहीत, बांधावर भांडण लागलं, म्हणून मशीन उभं राहिलं, तर ते भाडं आपणच द्यायला हवं. त्याचा बँकेचा हप्ता आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून 'उभं राहण्याचे पैसे नाहीत' एवढं लिहून भागत नाही. कुणामुळे उभं राहिलं, ते लिहावं लागतं.

ट्रेलरचंही तसंच. जेसीबी स्वतःच्या चाकांवर येतं, चेनच्या पोकलेनला ट्रेलर लागतो. यांच्याकडून धुळ्यापर्यंतचं परतीचं भाडं घेतलं. मशीन गेलं शेजारच्या गावाला, पुढच्या कामावर! 'पुढचं काम जवळ लागलं तर परतीचं भाडं नाही' ही एक ओळ हवी होती.

आता डिझेल. मीटर इंजिन चालू असलं की पळतं, बकेट हलो न हलो. डिझेलसह तासाचा दर असेल, तर नुसतं इंजिन चालू ठेवण्यात मालकाचा फायदा, कारण तेव्हा डिझेल कमी जळतं आणि तास भरत राहतात. डिझेल आपलं असेल, तर ते वाचवण्याची ऑपरेटरला घाई नसते. म्हणून येताना टाकी काठोकाठ भरलेली बघायची, जाताना तशीच भरून द्यायची, आणि मधल्या लिटरांना मीटरच्या तासांनी भागायचं. वीस टनी पोकलेन साधारण १२ ते १६ लिटर तासाला खातं. आकडा फार वर गेला तर विचारा. या पाच जणांना विचारता आलं नाही, कारण सुरुवातीला टाकीत किती होतं हेच कुणी बघितलं नव्हतं.

स्टॅम्प पेपर मिळाला तर चांगलंच, पण मशीन येण्याआधी साध्या कागदावर दोघांच्या सह्या तरी घ्या. त्यात लिहा : दिवस किती तासांचा, डिझेल कुणाचं, ऑपरेटरचा भत्ता आणि जेवण कुणाकडे, उभं राहिलं तर कोणत्या कारणाला किती, ट्रेलर एकदाचं की दोनदाचं. रोज संध्याकाळी मीटरचा आकडा वहीत, ऑपरेटरच्या सहीसह.

त्या पाच जणांनी शेवटी पूर्ण पैसे दिले. मालक ओळखीचा, पुढच्या वर्षीही मशीन लागणार. मला त्याचंच वाईट वाटलं. ओळख टिकवायला कागद केला नाही, आणि आता रस्त्यात भेटले तरी मालकाशी धड बोलत नाहीत.

तुमच्या गावात उभ्या मशीनचा हिशेब कसा होतो? कमेंटमध्ये लिहा, पण मालकाचं नाव टाकू नका.