मामूंची लाल शाई

मे महिन्याच्या सुट्टीतली शेवटची शुक्रवारची रात्र, ३० मे २०२५. पुण्याच्या भाचीचा व्हॉट्सअ‍ॅप आला, ‘मामू, जरा बघून द्या ना. उद्या सकाळी पाठवायचंय.’ एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी मराठीतून सोडवणाऱ्या आठ जणांची ती टीम लीड आहे. नवीन मुलगी रुजू होणार होती, तिच्यासाठी स्वागताचा ईमेल लिहिला होता. कामच मराठीत चालतं, म्हणून मेलही मराठीत. नाव गाळून तो जसाच्या तसा देतो:

‘प्रिय …, टिममध्ये तुझे हार्दीक स्वागत!!! सोमवारी ३ जूनला तू येणार म्हणून आम्ही सगळे वाट बघतोय. आपण सकाळी १० वाजता तिसऱ्या मजल्यावर यावे. पहिल्या दिवशी काहीच समजत नाही, घाबरू नकोस, मीपण घाबरले होते. सगळी माहीती एकदम लक्षात ठेवायची गरज नाही. गोंधळलास तर बिनधास्त विचार, कितीदा पण. चहा चारला असतो आणी तो चुकवायचा नाही हं. काहीही लागलं तर कधीही सांग.’

वीस वर्षं वह्या तपासलेला माणूस मी. हात शिवशिवले. दहा मिनिटांत लालेलाल करून परत पाठवला. माझ्या प्रतीत मधला भाग असा झाला होता: ‘पहिल्या दिवशी सर्व बाबींचे आकलन होणे अवघड असते, तरी घाबरून जाऊ नये. शंका असल्यास निःसंकोचपणे विचाराव्यात. दुपारी चार वाजता चहापान असते, त्यास उपस्थित राहावे.’

तिचा आवाजी निरोप आला. आधी नुसतं हसणं, मग, ‘मामू, हे वाचून ती चहालाही भीत भीत येईल.’

खरं होतं. एकही चूक उरली नव्हती आणि माझी भाचीही उरली नव्हती. हे पत्र आता कुठल्याही साहेबाने कुठल्याही कर्मचाऱ्याला पाठवावं असं होतं. वरचं नाव बदललं की काम झालं. मुद्रितशोधनात ऊब गेली की नाही हे ओळखायची माझी खूण तेव्हापासून हीच आहे. आपण शुद्धलेखनाच्या नावाखाली लोकांची वाक्यं पळवतो, आणि त्यात आम्ही भाषाशिक्षक सगळ्यांत पुढे.

मग तोच मेल पुन्हा घेतला. या वेळी दोन पेनं. लाल शाई फक्त चुकीला. जिथे शंका असेल तिथे पेन्सिल, म्हणजे समासात प्रश्न. उत्तर तिने द्यायचं.

पहिला प्रश्न तारखेचा. ३ जून २०२५ ला मंगळवार होता, सोमवार २ तारखेला. यातलं चूक कोणतं, वार की तारीख, हे मला कसं कळणार? ‘सोमवारच मामू, तारीख चुकली.’ हे एक वाक्य तसंच गेलं असतं तर ती बिचारी एक दिवस उशिरा आली असती आणि पहिल्याच दिवशी माफी मागत बसली असती. वेलांटीच्या मागे लागलेल्या माझ्या पहिल्या तपासणीत ही तारीख निसटली होती, हेही कबूल करतो.

दुसरी चूक जास्त लबाड. ‘गोंधळलास’. विचारलं तर कळलं, मागच्या वर्षी एका मुलाला पाठवलेला मेल समोर ठेवून हा लिहिला होता. मराठीत क्रियापदाला लिंग चिकटलेलं असतं, त्यामुळे जुन्या पत्रावर नवं पत्र बेतलं की हे हमखास होतं. फोनमधला शब्द तपासनीस ते पकडत नाही, कारण ‘गोंधळलास’ हा शब्द अगदी शुद्ध आहे, फक्त तो दुसऱ्याचा आहे. आणि मुलीने तो वाचला की पुढची सगळी माया उसनी वाटायला लागते. जुन्या पत्रावरून लिहिलं असेल तर फक्त तू-तुझ्यासोबतची क्रियापदं बघत एकदा वाचावं, दुसरं काही बघू नये.

तिसरी गोष्ट संबोधनाची. सगळीकडे तू, आणि मध्येच ‘आपण यावे’. वेळ आणि मजला सांगताना भाचीला वाटलं असणार, आता कामाचं बोलतोय, जरा सरळ बसावं. मी आधी सगळंच ‘आपण’ केलं होतं. तिला विचारलं, तुमच्यात काय चालतं? ‘सगळे एकमेकांना तूच म्हणतात, मलाही.’ मग तूच ठेवलं. फक्त लीडने तू म्हणायचं आणि नव्याने तुम्ही, असं असतं तर मी आडवा गेलो असतो. तो तू जवळचा नसतो, वरून आलेला असतो.

ह्रस्व-दीर्घाचं फार सांगत नाही. टीम, हार्दिक, आणि: हे सरळ लाल शाईने. ‘माहीत’ दीर्घ पण ‘माहिती’ ह्रस्व, कारण शेवटचं अक्षर दीर्घ झालं की मराठी शब्दात त्याच्या आधीची वेलांटी सहसा आखडते. ‘मीपण’ मात्र तोडावंच लागलं. जोडून लिहिलं की त्याचा अर्थ अहंकार, आणि ‘मीपण घाबरले होते’ हे सुफी वचन होईल, ऑफिसचा मेल नव्हे.

खरा पेच ‘तुझे’ आणि ‘लागलं’चा. एक रूप लेखी, एक बोलीतलं. साहित्य महामंडळाच्या अठरा नियमांमध्ये ‘असं केलं, मी म्हटलं’ अशा रूपांना मुभा आहे ती पात्राच्या तोंडच्या भाषेपुरती. एरवी ‘असे केले’. त्या न्यायाने मी पहिल्यांदा सगळे अनुस्वार उडवले आणि तिथेच पत्राचं परिपत्रक झालं. आता वाटतं, असं पत्र म्हणजे माणसाच्या तोंडचंच बोलणं आहे. फक्त एक काहीतरी धरावं. ‘तुझे’चं ‘तुझं’ केलं, बाकीचं तिने आधीच बरोबर बोललं होतं. ‘हं’, ‘बिनधास्त’, ‘कितीदा पण’ याला हात लावला नाही. तीनपैकी दोन उद्गारचिन्हं काढली. एकाने स्वागत होतं, तिघांनी जाहिरात.

शेवटी पेन्सिल. ‘कधीही सांग’ यापुढे लिहिलं: कधीही म्हणजे कधी? वाक्य शुद्ध होतं, प्रेमळही होतं, पण खरं होतं का? भाची सकाळी बारापर्यंत कॉलवर असते, तेव्हा घरचाही फोन घेत नाही. ते वाक्य मी बदललं नाही, माझा तो हक्क नव्हता. तिनेच बदललं. शनिवारी सकाळी गेला तो मेल असा:

‘प्रिय …, टीममध्ये तुझं हार्दिक स्वागत! सोमवारी २ जूनला तू येणार म्हणून आम्ही सगळे वाट बघतोय. सकाळी १० वाजता तिसऱ्या मजल्यावर ये. पहिल्या दिवशी काहीच समजत नाही, घाबरू नकोस, मी पण घाबरले होते. सगळी माहिती एकदम लक्षात ठेवायची गरज नाही. गोंधळलीस तर बिनधास्त विचार, कितीदा पण. बारापर्यंत मी कॉलवर असते, तेव्हा शेजारच्या टेबलावर कुणालाही विचार. नंतर मी आहेच. चहा चारला असतो आणि तो चुकवायचा नाही हं!’

चहापुढचं ते उद्गारचिन्ह माझ्या प्रतीत नव्हतं. तिने मागाहून घातलं. मी काही बोललो नाही.